आईचं सर्टिफिकेट चालत नाही

खोली क्रमांक नऊच्या दारावर 'त्वचारोग' अशी पाटी होती आणि पाटीखाली सकाळपासून रांग. आत डॉक्टरीणबाई एका आजीशी हुज्जत घालत होत्या. आजींचा नातू मांडीवर बसून पाय हलवत होता. त्याच्या दोन्ही गालांवर नाण्याएवढे फिकट डाग होते, वरून जरा खरखरीत, कडा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते नीट न कळणारे.

"जंतांचंच आहे हे," आजी म्हणाल्या.

"जंतांचा आणि गालांचा काही संबंध नाही, आजी."

"मग कॅल्शियम कमी असेल."

"तेही नाही. त्वचा कोरडी पडलीय. कोरडी पडली की आत थोडा दाह होतो, आपल्याला दिसतही नाही इतका थोडा. रंग तयार करणाऱ्या पेशी तिथेच असतात, पण त्यांचं काम मंदावतं. बाकीचा चेहरा उन्हाने रापतो, तेवढी जागा रापत नाही. म्हणून ती उठून दिसते. हे कोड नाही, कुणाला लागतही नाही. कोरडेपणा घालवायचा, की रंग आपोआप येतो."

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग औषध काय?"

"मॉइश्चरायझर. दिवसातून तीनदा."

"ते लावू हो. पण औषध काय?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर मारायला उचललेला हात केसांवरून फिरवून खाली आणला. बारा वर्षांत हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नव्हती. लांबलचक नावाची गोळी दिली की लोक डॉक्टरला दुवा देतात. साधं मलम दिलं की आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन तिसऱ्यांदा थरथरला आणि त्यांनी तो वैतागूनच उचलला.

पलीकडे जलतरण तलावाचे व्यवस्थापक होते. "मॅडम, तुमच्या मुलीला आज पाण्यात उतरू दिलेलं नाही. एका पालकांची तक्रार आलीय. चेहऱ्यावर डाग आहेत, इतर मुलांना संसर्ग होईल म्हणतात."

"मी कोण आहे, काय काम करते, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे म्हणून तर फोन केला, मॅडम. नाहीतर नुसती चिठ्ठी दिली असती."

डॉक्टरीणबाईंची मुलगी नऊ वर्षांची. लहानपणी बिस्किट दोन्ही हातांत धरून कुरतडायची म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं ते पडलंच. पाठीवर पोहण्यात तिचा हातखंडा होता आणि पाच आठवड्यांवर तिच्या आयुष्यातली पहिली स्पर्धा होती. रांग संपवून दुपारी डॉक्टरीणबाई तलावावर पोहोचल्या तेव्हा खारू कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर कोरड्या पोशाखात बसली होती. डोक्यावर टोपी तशीच. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या आईला वाटून गेलं.

व्यवस्थापकांच्या खोलीत क्लोरीनचा वास भरून राहिला होता, आणि कोपऱ्यातल्या खोक्यात मुलांनी विसरलेले चष्मे आणि टोप्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बसायच्या आधीच पर्समधून आपला कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: सदर मुलीला पिटिरियासिस अल्बा (कोरडेपणामुळे पडणारे फिकट डाग) असून तो संसर्गजन्य नाही, पोहण्यास हरकत नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

व्यवस्थापकांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. "सही तुमचीच?"

"मग काय शेजारणीची करू?"

"तसं नाही, मॅडम. नियम आहे. प्रमाणपत्र देणारी व्यक्ती मुलाची नातेवाईक नसावी. आईचं सर्टिफिकेट चालत नाही."

"ठीक. माझ्या हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या डॉक्टरची सही आणते."

"ते तुमच्या हाताखालचे ना? म्हणजे तुम्हीच झालात." ते अपराधी चेहऱ्याने हसले. "बाहेरचा तज्ज्ञ पाहिजे. आणि मग समितीपुढे ठेवावं लागेल. मी काय, हुकमाचा ताबेदार."

घरी आल्यावर तरी कोणी आपल्या बाजूचं निघेल, ही त्यांची आशाही फोल ठरली.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं बहुतेक वेळा याच तीन शब्दांनी सुरू व्हायचं. "रोज एक ग्लास दूध जास्त दे म्हटलं, तर ऐकलं नाहीस. पोरीच्या अंगात काहीतरी कमी आहे."

"आई, तिच्या अंगात काही कमी नाही."

"तुला काय सांगायचं! दुनियेचे चेहरे तू बरे करतेस आणि घरातल्या पोरीचे गाल बघ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. तो लिफ्ट तपासायचं काम करायचा. कुठलंही यंत्र तीन महिन्यांत सुधारलं नाही तर भाग बदलायचा, हा त्याचा साधा हिशेब. "मला तुझ्यातलं काही कळत नाही," तो जपून म्हणाला, "पण तीन महिने झाले. दुसरं एखादं जोरदार काही दे ना."

"जोरदार दिलं की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल होते. असल्या मलमांनी बिघडलेले गाल मी रोज बघते. या आजाराला मॉइश्चरायझर पुरतं!"

"पुरतं, तर मग जात का नाही?"

या प्रश्नाने त्या जास्तच चिडल्या. रंग यायला महिने लागतात, कधी वर्षही, हे त्यांना पाठ होतं. पण खरखर तरी दोन-चार आठवड्यांत जायला हवी होती. खारूच्या गालांची खरखर मात्र उलट वाढत होती. आपण सांगतो ते खरं आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आणि गाल होते की ऐकायला तयार नव्हते. पिकतं तिथे विकत नाही, हे लोकांच्या बाबतीत त्यांनी मानलं होतं. आता स्वतःच्या पोरीची त्वचासुद्धा त्याच वळणावर गेली होती.

बाहेरचा तज्ज्ञ म्हणून त्यांना एकच माणूस सुचला. त्यांचे जुने शिक्षक. विद्यार्थी त्यांना 'भिंगसर' म्हणायचे, कारण गळ्यात बारीक साखळीला अडकवलेलं भिंग ते जेवतानासुद्धा काढत नसत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ते आता आठवड्यातून तीन सकाळी पेशंट बघायचे.

शनिवारी सकाळी आत गेल्या गेल्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. "सर, नऊ वर्षांची मुलगी, गालांवर फिकट डाग, तीन महिने, कडा अस्पष्ट, बारीक कोंडा, दम्याची घरात..."

भिंगसरांनी एक बोट वर केलं. "तू आज कोण म्हणून आलीयस?"

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणून, की आई म्हणून?"

"...आई म्हणून."

"मग आयांची खुर्ची ती. भिंतीजवळची." आणि त्यांनी खारूला समोरच्या उंच स्टुलावर बसवलं.

बारा वर्षं डॉक्टरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला भिंतीजवळच्या खुर्चीत गप्प बसणं म्हणजे शिक्षाच होती. सर मात्र सावकाश, एकेक पायरी चढल्यासारखं तपासत होते. आधी खिडकीपाशी नेऊन भिंगातून दोन्ही गाल पाहिले. मग जागा बधिर नाही ना ते पाहायला, खारूला डोळे मिटायला लावून कापसाच्या बारीक वातीने डागाला, मग डागाच्या बाहेर स्पर्श केला. प्रत्येक वेळी तिने "कळलं" म्हटलं. डागावरचा कोंडा काचेच्या पट्टीवर खरवडून घेतला, त्यावर थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशी नव्हती. मग पडदे ओढून त्यांनी जांभळट उजेडाचा हातदिवा लावला.

"कोड असतं ना, तर या उजेडात खडूसारखं पांढरंशुभ्र चमकलं असतं, कात्रीने कापल्यासारख्या कडेचं," ते खारूला म्हणाले. आरसा तिच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "चमकतंय का काही?"

"नाही."

"नाहीच. म्हणजे रंगाचा कारखाना चालू आहे. कामगार जरा रुसलेत इतकंच."

खारू पहिल्यांदा हसली. भिंतीजवळच्या खुर्चीत डॉक्टरीणबाईंच्या मनात आलं, हे वाक्य मी का नाही कधी तिला सांगितलं? मग त्यांनी आठवून पाहिलं, की आपण तिला नेमकं काय सांगितलं होतं. दारात बूट घालता घालता, एक दिवस: 'काही नाहीये ते, मॉइश्चरायझर लाव.' संपलं. खोली क्रमांक नऊमध्ये अनोळखी आजींना पाच-पाच मिनिटं समजावणाऱ्या बाईने घरच्या पोरीला एका वाक्यात वाटेला लावलं होतं.

सरांनी पडदे उघडले. "आता मला सांग, चेहरा दिवसातून किती वेळा धुतेस?"

खारूने आईकडे पाहिलं.

"तिकडे नको बघू. ती आज फक्त आई आहे."

"चार," खारू म्हणाली. मग जरा थांबून, "पाच. पोहल्यावर दोनदा."

"कशाने?"

"साबणाने. आणि घासणीने."

"कसल्या घासणीने?"

"अंघोळीच्या. खरबरीत बाजूने." ती आता स्टुलाच्या कडेला नखं लावत होती. "मग ते पांढरं सालपट निघतं. पण परत येतं."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अगं पण मी मॉइश्चरायझर लावायला सांगितलं होतं ना तुला!"

"खाली बस," भिंगसर मागे न बघता म्हणाले. आणि खारूला, "मॉइश्चरायझर लावतेस?"

"लावते. पण त्याने चेहरा चिकट होतो, मग धुते."

"आणि एवढं घासायचं कशासाठी?"

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी पुसत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता.

"तलावावर जुळ्यांची आई म्हणाली," ती शेवटी म्हणाली, "की हिची आई चामडीची डॉक्टर आणि हिलाच बघा. मग सगळ्या हसल्या. डाग लवकर गेले असते तर आईला हसल्या नसत्या."

गेले चार दिवस त्या व्यवस्थापकांवर, सासूबाईंवर, नवऱ्यावर, साऱ्या जगाच्या अडाणीपणावर चरफडत होत्या. तो सगळा राग आता मागे फिरून त्यांच्याच गळ्याशी आला. गाल ऐकत नव्हते ते उगीच नव्हते. रोज पाच वेळा साबण आणि घासणी लावली तर कुणाचेही गाल ऐकणार नाहीत. पोरगी आपल्या परीने आईची अब्रू घासून घासून स्वच्छ करत होती, आणि जितकी घासत होती तितकी त्वचा कोरडी पडून डाग जास्तच उठून दिसत होता.

"किती पेशंट बघतेस रोज?" भिंगसरांनी कागद ओढत विचारलं.

"साठ-सत्तर."

"सगळ्यांना विचारतेस, घरी नेमकं काय करता म्हणून?"

"विचारते, सर."

"हं," ते म्हणाले, आणि लिहायला लागले. त्या एका 'हं'मध्ये जेवढं होतं तेवढं त्यांनी परीक्षेत नापास करूनही कधी ऐकवलं नव्हतं.

लिहिलं ते साधंच होतं. घासणी बंद. चेहऱ्याला साबण बंद, फार तर सौम्य, बिनवासाचा. कोमट पाणी. पोहण्याआधी मॉइश्चरायझरचा थर, पोहून आल्यावर साध्या पाण्याने क्लोरीन धुऊन ओलसर चेहऱ्यावर लगेच पुन्हा. दिवसा उन्हात जाताना सनस्क्रीन, म्हणजे बाकीचा चेहरा रापणार नाही आणि फरक कमी दिसेल. लाली नाही, खाज नाही, तेव्हा दुसरं कुठलंही औषध नको. "चिकट वाटलं तर थोडं लाव, पण पुसू नकोस," ते खारूला म्हणाले. "आणि घाई करू नकोस. खरखर आधी जाईल, रंग नंतर येईल. रंग फार आळशी असतो."

घरी येताना खारूने आईचं बोट धरलं. नऊ वर्षांची झाल्यापासून तिने ते सोडलं होतं.

"लोक हसले तर हसू देत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या पगारात तेही धरलेलं आहे."

"म्हणजे तू रागावली नाहीस?"

"रागावलेय. तुझ्यावर नाही." मग खरं बोलायचं ठरवून त्या म्हणाल्या, "मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

त्या दिवसापासून मलम लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधलं खारू स्वतः लावायची. सासूबाई दारातून बघत राहायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी म्हणतच होते, पोरीकडे जरा लक्ष द्या." याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता, कारण या वेळी त्या खरंच बरोबर होत्या.

समितीची बैठक पुढच्या बुधवारी संध्याकाळी तलावाशेजारच्या खोलीत होती. अध्यक्ष, व्यवस्थापक, पोहायला शिकवणाऱ्या बाई आणि तक्रार करणारी जुळ्यांची आई. जुळे खारूच्याच वयाचे, आईच्या मागे एकमेकांना गुदगुल्या करत उभे होते. भिंगसरांचा कागद हातोहात फिरला.

"पण खात्री काय?" जुळ्यांची आई म्हणाली. "आज एकीला आहे, उद्या सगळ्यांना झालं तर? माझी मुलं दोन आहेत, मला दुप्पट काळजी."

डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्यांची नजर जुळ्यांपैकी एकाच्या चेहऱ्यावर गेली. सवयीची नजर, ती बंद कशी करणार? डाव्या गालावर, कानाच्या अलीकडे, फिकट गोल डाग. दुसराही, जरा खाली. हनुवटीजवळ बारीक कोंडा. बारा वर्षांच्या अनुभवाला भिंगाची गरज नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. 'बाई, आधी आपल्या मुलाचा गाल बघा.' चार दिवसांची चरफड, तो बाक, ती कोरडी टोपी, ते बायकांचं हसणं, सगळ्याची भरपाई एका वाक्यात. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण बोललं असतं, तर पाचव्या मिनिटाला या खोलीतली माणसं त्या मुलालाही बाकावर बसवून मोकळी झाली असती. त्यांनी वाक्य गिळलं.

"हे लागत नाही," त्या म्हणाल्या. "एकाच्या त्वचेचा कोरडेपणा दुसऱ्याला लागतो का? तीन ते सोळा वयाच्या कितीतरी मुलांना हे होतं. तुमच्या तलावातल्या शंभर मुलांमध्ये शोधलं तर आणखी चार-पाच तरी सापडतील. त्यांना काढायला निघालात, तर पोहायला कुणाला उतरवणार?"

शिकवणाऱ्या बाई हसल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि हरकत नाही असं लिहून सही केली. बैठक अकरा मिनिटांत संपली, आणि या अकरा मिनिटांसाठी आठ दिवस गेले होते.

बाहेर जिन्यापाशी डॉक्टरीणबाईंनी जुळ्यांच्या आईला गाठलं. आजूबाजूला कोणी नाही हे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या या मुलाचे गाल जरा कोरडे वाटतात. साबण कमी करा, रोज मॉइश्चरायझर लावा. घाबरण्यासारखं काही नाही."

त्या बाईने झटकन मुलाचा चेहरा आपल्याकडे वळवला. बघितलं. डोळे विस्फारले, मग गाल लाल झाले. मुलाचे नाही, तिचे. "तुम्हाला आत दिसलं होतं?" तिने विचारलं.

"दिसलं होतं."

दुसऱ्या दिवशी खोली क्रमांक नऊच्या रांगेत ती दोन्ही मुलांसह सदतिसाव्या नंबरावर उभी होती, आणि आत आल्यावर तिने पहिलाच प्रश्न रक्त तपासायचं का, असा विचारला. डॉक्टरीणबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. मग मुलाला समोर बसवून त्याला विचारलं, "चेहरा कशाने धुतोस रे?"

खारूच्या गालांची खरखर अठराव्या दिवशी गेली. स्पर्धेत ती चौथी आली आणि तिसरा नंबर हाताच्या बोटाएवढ्या अंतराने हुकला म्हणून घरी येईपर्यंत फुरंगटून बसली. डागांचं नावही तिने काढलं नाही. रंगाने मात्र सरांनी सांगितलं होतं तसाच आळस केला. पाच महिन्यांनी एका सकाळी नवरा तिच्या केसांतली गाठ सोडवत असताना म्हणाला, "अगं, हिचे डाग कुठे गेले?" डॉक्टरीणबाई धावत आल्या, खारूला खिडकीपाशी नेऊन त्यांनी डावा गाल पाहिला, मग उजवा. खारू घाईत होती, तिची तलावाची वेळ झाली होती.

"आई, पुरे ना," ती म्हणाली आणि मान सोडवून पळाली.